जोडशब्दातली कांजी ओन वाचायची की कुन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानीच्या पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून जोडशब्दांच्या सरावाशी झटापट करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कांजी मूळ लिपीत दिल्या आहेत आणि उच्चार देवनागरीत. ‘ऽ’ हे चिन्ह दिसलं की आधीचा स्वर एक मात्रा लांबवायचा. ओन म्हणजे चिनीतून आलेला उच्चार आणि कुन म्हणजे त्याच अर्थाचा मूळ जपानी शब्द, एवढं माहीत आहे असं धरलं आहे.

दोन कांजी शेजारी आल्या की ओन, एकटी असली की कुन, असं सुरुवातीला शिकवतात. हे खरं आहे का?

पहिला अंदाज म्हणून खरं आहे. 水 एकटी असली की ‘मिझु’, आणि 水道 (नळाचं पाणी), 海水 (समुद्राचं पाणी), 水泳 (पोहणं) या शब्दांत ‘सुइ’: सुइदोऽ, काइसुइ, सुइएइ. पण मग 水着 (पोहण्याचा पोशाख) येतो. तो ‘मिझुगि’. 水色 (फिकट निळा) ‘मिझुइरो’, 鼻水 (शेंबूड) ‘हानामिझु’.

मराठी माणसाला याचं कोडं पडायला नको. आपण ‘जलप्रवास’ म्हणतो आणि ‘पाणकोंबडी’ही म्हणतो. ‘पाणीप्रवास’ किंवा ‘जलकोंबडी’ कुणी म्हणत नाही. आपल्याकडे जल आणि पाणी वेगवेगळे लिहितात म्हणून वाचताना प्रश्न पडत नाही. जपानीत दोन्हींसाठी एकच चिन्ह असल्यामुळे निवड वाचणाऱ्याच्या गळ्यात पडते. तेव्हा ‘जोडशब्द म्हणजे ओन’ यापेक्षा जास्त उपयोगी विचार असा: हा शब्द चिनी घडणीचा आहे, की दोन घरगुती जपानी शब्द जोडून झाला आहे? सरावातली जवळजवळ प्रत्येक निवड याच प्रश्नापाशी येते.

एका कांजीचे दोन उच्चार समोर असतील, तर त्यातला ओन कोणता हे शब्दकोश न उघडता ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं. ओन उच्चार लहान असतात, फार तर दोन मात्रांचे. दुसरी मात्रा असलीच तर ती इ, उ, कु, कि, त्सु, चि किंवा न् यांपैकी असते. सुइ, काइ, गाकु, हात्सु, इचि, सान् हे सगळे त्या साच्यात बसतात. ‘हाना’ बसत नाही, कारण ‘ना’ त्या यादीत नाही. ‘यामा’, ‘मिझु’, ‘तोरि’ही नाहीत. ‘कोकोरो’ तर तीन मात्रांचा आहे. हे सगळे कुन. शु, चो, क्यो, ऱ्यो असे जोडाक्षरी आवाज जवळजवळ नेहमी ओन असतात. सुरुवातीला ‘र’ असेल तरी ओन, कारण मूळ जपानी शब्द ‘र’ने सुरू होत नसत.

फसवणूक दोन ठिकाणी होते. काही कुन उच्चार योगायोगाने ओनच्या साच्यात बसतात: माचि (町), त्सुकि (月), मिचि (道), नात्सु (夏), ओकु (奥). दुसरं ठिकाण एका मात्रेच्या उच्चारांचं. 屋 मधला ‘या’, 場 मधला ‘बा’, 荷 मधला ‘नि’ कानाला चिनी वाटतात, पण कुन आहेत. उलट 絵 (चित्र) एकटी असतानाही ‘ए’ आणि हा ‘ए’ ओन आहे. 本, 茶, 駅, 肉, 客 यांचंही तसंच: होन्, चा, एकि, निकु, क्याकु हे रोजच्या बोलण्यात एकटे येणारे उच्चार सगळे ओन. ‘एकटी म्हणजे कुन’ हा अर्धा नियम इथे गळून पडतो.

सरावात अनोळखी शब्द आला तर सुरुवात कुठून करायची?

ज्या कांजीचे दोन उच्चार तुम्हाला छळताहेत ती बाजूला ठेवा आणि तिची शेजारीण पाहा. बऱ्याच कांजींना व्यवहारात एकच बाजू असते. जपान सरकारच्या २०१०च्या नित्योपयोगी यादीत (जोऽयोऽ कांजी, एकूण २१३६) प्रत्येक कांजीपुढे मान्य उच्चार दिलेले आहेत. त्यात 術 ला फक्त ‘जुत्सु’ आहे, 段 ला फक्त ‘दान्’. उलट 箱 ला फक्त ‘हाको’, 皿 ला फक्त ‘सारा’, 株 ला फक्त ‘काबु’. 畑 (शेत) जपानातच बनवलेली कांजी आहे, म्हणून तिला चिनी उच्चारच नाही. शेजारीण अशी एकमार्गी असेल तर अर्धं उत्तर हातात आलं, आणि उरलेलं अर्धं बहुतेकदा तिच्याच बाजूला जातं: 手術 म्हणजे ‘शुजुत्सु’, 灰皿 म्हणजे ‘हाइझारा’, 花畑 म्हणजे ‘हानाबाताके’. (जपानात घडलेल्या कांजींचाही एक अपवाद आहे. 働 जपानातलीच, पण तिने ‘दोऽ’ असा ओन उच्चार मिळवला, म्हणून 労働 ‘रोऽदोऽ’.)

दुसरी खूण ओकुरिगानाची, म्हणजे कांजीमागे येणाऱ्या हिरागाना शेपटीची. 食べ物, 買い物, 聞き手 यांत शेपटी दिसते म्हणून कुन निश्चित. गंमत तिथे, जिथे शेपटी लपलेली असते. 受付 (स्वागतकक्ष), 取引 (सौदा), 建物 (इमारत), 割合 (प्रमाण), 立場 (भूमिका) हे शब्द शेपटी गाळून लिहायची रूढी आहे, आणि १९७३च्या सरकारी लेखननियमांत अशा रूढ शब्दांना मान्यता आहे. ते पाहताना चिनी वाटतात, पण आहेत कुन: उकेत्सुके, तोरिहिकि, तातेमोनो, वारिआइ, ताचिबा. ओळखायची युक्ती अशी की दोन्ही कांजी क्रियापदं म्हणून मोकळ्या करून पाहायच्या. 受ける (घेणं) आणि 付ける (लावणं) सहज मोकळे होतात. मोकळं करून शब्दाचा अर्थ जुळत असेल तर कुनचा संशय घ्या.

एक कांजी घेऊन हे सोडवून दाखवाल का?

手 घेऊ. कुन ‘ते’, ओन ‘शु’. सरावात आठ शब्द आहेत असं समजा: 手術, 手袋, 歌手, 手首, 手話, 手本, 手数料, 下手.

手術 (शस्त्रक्रिया) वर झालाच. 手袋 (हातमोजे) मध्ये शेजारीण ‘फुकुरो’, म्हणजे पिशवी. हातासाठी पिशवी, दोन घरगुती शब्द, म्हणून ‘तेबुकुरो’. 手首 (मनगट) तसाच: हाताची मान, ‘तेकुबि’. शरीराचे भाग आणि अंगावर घालायच्या वस्तू यांत कुनचं पारडं जड असतं.

歌手 (गायक) मध्ये हात कुठेच नाही. इथे 手 म्हणजे ‘करणारा’. या अर्थाने ती शेवटी येते आणि तिचा उच्चार तिच्या आधीच्या भागावरून ठरतो. आधी चिनी घडणीचा भाग असेल तर ‘शु’: 運転手 (चालक) ‘उन्तेन्शु’, 助手 (मदतनीस) ‘जोशु’. आधी जपानी क्रियापद असेल तर ‘ते’: 聞き手 (श्रोता) ‘किकिते’. गायकासाठी तर दोन्ही आहेत, 歌手 ‘काशु’ आणि 歌い手 ‘उताइते’. अर्थ तोच. फरक फक्त त्या ‘い’चा.

手話 (सांकेतिक भाषा) इथे बरेच जण अडखळतात, कारण अर्थ हाताचाच आहे. पण शेजारीण 話 शेपटीशिवाय आली आहे, आणि 電話 (देन्वा), 会話 (काइवा) मध्ये शेवटी ‘वा’ असते हे आधीच माहीत असतं. त्यावरून ‘शुवा’. अर्थावरून लावलेला अंदाज इथे हरतो, म्हणून मी शेजारणीची खूण अर्थाच्या आधी ठेवते.

手本 (गिरवण्यासाठीचा नमुना) ‘तेहोन्’ आणि 手数料 (सेवाशुल्क) ‘तेसूऽऱ्योऽ’ हे दोन्ही मिश्र. सुरुवातीला ‘ते’, पुढे सगळं ओन. 手 पहिली असताना अशी मिसळ वारंवार दिसते: 手帳 ‘तेचोऽ’, 手料理 ‘तेऱ्योऽरि’. इथे ‘ते’ म्हणजे ‘हाताने केलेलं’ किंवा ‘हाताशी असलेलं’ असा उपसर्गच होऊन बसला आहे, तो ओन शब्दालाही चिकटतो.

उरला 下手 (न जमणारा). तो ‘हेता’, आणि तो तोडून वाचता येत नाही. पुढे त्यावर एक प्रश्न आहेच.

अर्धा ओन, अर्धा कुन असे शब्द किती मनावर घ्यायचे?

बरेच. परीक्षा काढणाऱ्यांचे ते लाडके असतात. जपानी व्याकरणात त्यांना नावंही त्याच जातीच्या शब्दांवरून दिली आहेत. ओन आधी आणि कुन नंतर असेल तर ‘जूऽबाको-योमी’, कारण 重箱 (नववर्षाचे पदार्थ भरायचे एकावर एक डबे) हा शब्दच जूऽ (ओन) आणि हाको (कुन) असा आहे. उलट्या क्रमाला ‘युतोऽ-योमी’ म्हणतात. 湯桶 म्हणजे गरम पाणी वाढायचं लाकडी भांडं: यु कुन, तोऽ ओन.

पहिल्या गटात रोजचे शब्द पाहा: 台所 (स्वयंपाकघर) ‘दाइदोकोरो’, 本屋 (पुस्तकाचं दुकान) ‘होन्या’, 番組 (कार्यक्रम) ‘बान्गुमि’, 毎朝 (रोज सकाळी) ‘माइआसा’. दुसऱ्यात 場所 (जागा) ‘बाशो’, 荷物 (सामान) ‘निमोत्सु’, 夕食 (रात्रीचं जेवण) ‘यूऽशोकु’. शेवटच्या शब्दाशेजारी 朝食 ठेवून पाहा. तो पूर्ण ओन, ‘चोऽशोकु’. एकाच घरातल्या दोन जेवणांची जात वेगळी. 日曜日 तर एकाच शब्दात 日 दोनदा घेतो आणि दोन्हीकडे वेगळी वाचतो, आधी ‘निचि’ आणि शेवटी ‘बि’.

雨 चा कुन ‘आमे’. मग 雨具 मध्ये ‘आमा’ कुठून आलं?

जोडशब्दाच्या सुरुवातीला काही जुन्या कुन उच्चारांचा शेवटचा स्वर बदलतो. आमे-आमा, साके-साका, काझे-काझा, काने-काना, फुने-फुना, उए-उवा. म्हणून 酒屋 (दारूचं दुकान) ‘साकाया’, 風上 (वाऱ्याची बाजू) ‘काझाकामि’, 金物 (धातूच्या वस्तू) ‘कानामोनो’, 上着 (कोट) ‘उवागि’. हा बदल फक्त पहिल्या जागी होतो. 大雨 (मुसळधार पाऊस) मध्ये 雨 शेवटी आहे, म्हणून ‘ओऽआमे’च.

雨具 (पावसाळी वस्तू) सोडवून पाहू. समजा पर्याय ‘उगु’, ‘आमेगु’, ‘आमागु’ आणि ‘आमागुऽ’ असे आहेत. 具 चा मान्य उच्चार फक्त ‘गु’, ऱ्हस्व, म्हणून चौथा बाद. शेजारणीच्या नियमाने ‘उगु’कडे मन ओढतं आणि 雨天 (पावसाळी हवा) ‘उतेन्’, 雨量 (पर्जन्यमान) ‘उऱ्योऽ’ हे शब्द त्याला दुजोराही देतात. पण हे दोन्ही शब्द बातमीतले, नोंदवहीतले आहेत. छत्री-रेनकोट ही दाराशी टांगलेली वस्तू आहे. तिथे घरगुती ‘आमे’ आली आणि पहिल्या जागी असल्यामुळे ‘आमा’ झाली. उत्तर ‘आमागु’. प्रामाणिकपणे सांगायचं तर शब्द कधीच ऐकला नसेल तर ‘उगु’ आणि ‘आमागु’ यांत खात्रीने निवड करता येत नाही. खुणांनी चारांतले दोन काढून टाकता येतात, एवढाच त्यांचा वकूब.

कुन ठरलं, तरी ‘फुकुरो’ की ‘बुकुरो’ हे कसं ठरवायचं?

दुसऱ्या भागाचा पहिला आवाज मृदू होण्याला ‘रेन्दाकु’ म्हणतात: ते अधिक कामि ‘तेगामि’, आओ अधिक सोरा ‘आओझोरा’. दोन कुन जोडले की हे व्हायची शक्यता मोठी. पण दुसऱ्या भागात आधीच ग, झ, द किंवा ब असेल तर बदल सहसा थांबतो. ‘काझे’मध्ये ‘झ’ आहे, म्हणून 春風 ‘हारुकाझे’. पर्यायांत ‘हारुगाझे’ दिसला तर निर्धास्तपणे खोडा.

हा नियम लायमनच्या नावाने ओळखला जातो. बेंजामिन स्मिथ लायमन हा अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ. जपान सरकारने त्याला खनिजांच्या पाहणीसाठी बोलावलं होतं, आणि त्याआधी तो पंजाबात तेलाच्या शोधासाठी येऊन गेला होता. रेन्दाकुवरचं त्याचं लेखन १८९४चं. तेल आणि कोळसा शोधणाऱ्या माणसाचं नाव व्याकरणात राहिलं याची मला नेहमी मौज वाटते.

दुसरी अट अर्थाची. दोन भाग ‘हे आणि ते’ अशा नात्याने जोडले असतील तर आवाज बदलत नाही. 草木 (गवत आणि झाडं) ‘कुसाकि’, 白黒 (पांढरं-काळं) ‘शिरोकुरो’, 田畑 (भातखाचरं आणि शेतं) ‘ताहाता’. 山川 तर दोन्ही प्रकारे चालतो. डोंगर आणि नद्या म्हणायचं असेल तर ‘यामाकावा’, डोंगरातली नदी असेल तर ‘यामागावा’.

ओन ठरलं, पण ओनच दोन आहेत. 人 चा ‘निन्’ की ‘जिन्’?

हा प्रश्न ओन-कुनपेक्षा अवघड असू शकतो. चिनी उच्चार जपानात एकदाच आले नाहीत. आधीचा थर ‘गो-ओन’, थांग राजवटीच्या काळात आलेला ‘कान्-ओन’. 人 चा ‘निन्’ पहिल्यातला, ‘जिन्’ दुसऱ्यातला.

तीन कांजींच्या शब्दांत शेवटी 人 असेल तर एक चांगला नियम आहे. आधीचा भाग काम सांगत असेल तर ‘निन्’: 案内人 (वाट दाखवणारा) ‘आन्नाइनिन्’, 管理人 (व्यवस्था पाहणारा) ‘कान्रिनिन्’, 保証人 (जामीन) ‘होशोऽनिन्’. आधीचा भाग देश, क्षेत्र किंवा ओळख सांगत असेल तर ‘जिन्’: 日本人, 外国人, 社会人, 有名人. मोजताना ‘सान्निन्’, ‘योनिन्’.

दोन कांजींच्या शब्दांत हा नियम टिकत नाही. 病人 (आजारी माणूस) ‘ब्योऽनिन्’, पण 老人 (वृद्ध) ‘रोऽजिन्’. 人気 (लोकप्रियता) ‘निन्कि’, पण 人口 (लोकसंख्या) ‘जिन्कोऽ’. हे शब्द म्हणून पाठ करण्याला पर्याय नाही.

एकच लिखाण, दोन्ही उच्चार बरोबर, असं होतं का?

होतं, आणि तिथे वाक्याशिवाय सराव करणं निरर्थक आहे. सर्वात शिकण्यासारखी जोडी 市場 ची. भाजी-मासळीचा, पायी फिरता येईल असा बाजार ‘इचिबा’ (कुन). अर्थशास्त्रातला, मागणी-पुरवठ्याचा बाजार ‘शिजोऽ’ (ओन). 株式市場 (शेअर बाजार) म्हणजे ‘काबुशिकि शिजोऽ’. क्योतोमधली खाद्यपदार्थांची जुनी गल्ली 錦市場 ‘निशिकि इचिबा’. मग तोक्योमध्ये २०१८ साली उघडलेला मासळीचा मोठा घाऊक बाजार? तिथे मासेच विकतात, पायीच फिरतात, तरी 豊洲市場 चं अधिकृत नाव ‘तोयोसु शिजोऽ’. महापालिका-सरकारी नावांत ओनचा असा अधिकृत सूर लागतो.

आणखी काही जोड्या: 生物 ‘सेइबुत्सु’ म्हणजे सजीव, ‘नामामोनो’ म्हणजे कच्चा, नाशवंत पदार्थ. 風車 ‘फूऽशा’ म्हणजे पवनचक्की, ‘काझागुरुमा’ म्हणजे मुलांची भिरभिरी. 工場 ‘कोऽजोऽ’ हा कारखाना, ‘कोऽबा’ म्हटलं की लहानसा, गल्लीतला. 色紙 ‘शिकिशि’ हा स्वाक्षरी-संदेशासाठीचा जाड चौकोनी कागद, ‘इरोगामि’ हा रंगीत कागद. मोठा, औपचारिक, व्यापक अर्थ ओनकडे आणि हाताळता येणारी वस्तू कुनकडे, हा कल इथे स्वच्छ दिसतो.

大人, 今日, 下手 यांना कोणती बाजू?

कोणतीच नाही. ‘ओतोना’ हा सबंध उच्चार सबंध जोडीला दिलेला आहे. 大 चा ‘ओ’ आणि 人 चा ‘तोना’ असं काही नाही. यांना ‘जुकुजिकुन’ म्हणतात. सरावपत्रिकेत अशा शब्दापुढे ओन-कुन भरायला लावत असतील तर पत्रिका चुकली. मात्र 今日 ‘क्योऽ’ही आहे आणि ‘कोन्निचि’ही, आणि दुसरा पूर्ण ओन आहे.

जेएलपीटीत या प्रश्नाचे पर्याय कसे रचलेले असतात?

एन५ पासून एन१ पर्यंत कांजी-वाचनाचा प्रश्न असतो. वाक्यात अधोरेखित शब्द, खाली हिरागानात चार पर्याय. पुणे-मुंबईच्या केंद्रांवर बसणाऱ्यांची ओन-कुनपेक्षा मात्रांवर जास्त विकेट जाते असं मी पाहिलं आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ क्वचित बदलतो, त्यामुळे कान त्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेला असतो. पर्याय साधारण तीन दिशांनी बिघडवलेले असतात: स्वराची लांबी, मृदू-कठोर आवाज आणि द्वित्त. 出発 (प्रस्थान) ‘शुप्पात्सु’ असताना ‘शुत्सुहात्सु’ आणि ‘शुपात्सु’ शेजारी उभे असतात. त्सु, चि, कु वर संपणाऱ्या ओनपुढे कठोर व्यंजन आलं की द्वित्त व्हायचा संभव तपासायचा. 学 ‘गाकु’ आणि 校 ‘कोऽ’ मिळून ‘गाक्कोऽ’ होतं ते असंच.

घरी सराव कसा मांडायचा?

उच्चारांच्या याद्या पाठ करू नका. 生 च्या दहा-बारा उच्चारांची यादी पाठ असलेल्यालाही 芝生 (हिरवळ) ‘शिबाफु’ वाचता येत नाही. एका बैठकीला एक कांजी घ्या, तिचे सहा-आठ शब्द निवडा, त्यात दोन कुन, दोन मिश्र हवेतच. प्रत्येक शब्द छोट्या वाक्यात लिहा. उच्चार लिहिण्याआधी प्रत्येक कांजीवर ‘ओ’ किंवा ‘कु’ अशी खूण करा आणि कशावरून ते एका शब्दात लिहा: शेजारीण, शेपटी, अर्थ, की नुसता कान. मग शब्दकोशात पाहा. तिथे ओन काताकानात आणि कुन हिरागानात छापलेला असतो, त्यामुळे ताडून पाहायला वेळ लागत नाही. चुकलेल्या शब्दांत एकच कारण पुन्हा पुन्हा दिसलं, उदाहरणार्थ लपलेली शेपटी, तर पुढच्या बैठकीचे शब्द त्याच जातीचे घ्या. उच्चार बरोबर पण खूण चुकली असेल तरी ते चूक धरा. 本屋 ‘होन्या’ असं बरोबर वाचून ‘ओ-ओ’ लिहिणारा पुढे 屋上 (गच्ची) ‘ओकुजोऽ’ पाशी अडतो, कारण 屋 चा खरा ओन ‘ओकु’ आहे हे त्याला कळलेलंच नसतं.

गावांची आणि माणसांची नावंही याच खुणांनी वाचता येतील का?

नाही, ती सरावातून वगळा. 新宿 ‘शिन्जुकु’ ओन, 渋谷 ‘शिबुया’ कुन, आणि दोन्ही तोक्योच्या एकाच लोहमार्गावरची स्थानकं. 日本橋 हे नाव तोक्योत ‘निहोन्बाशि’ आहे आणि ओसाकात ‘निप्पोन्बाशि’.